आंतरराष्ट्रीय कायद्याचे सोर्सेस: तह, रूढी, सर्वसाधारण तत्त्वं आणि पर्सिस्टंट ऑब्जेक्टरवरचे ऑप्शन कसे सोडवायचे

नेट-सेटच्या लॉ पेपरला बसणाऱ्यांसाठी आणि एलएलबीला पहिल्यांदा इंटरनॅशनल लॉ घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. माझ्या पहिल्या अटेम्प्टला या एका टॉपिकवर मी बरेच मार्क घालवले, आणि अभ्यास झाला नव्हता म्हणून नाही, तर नोट्समध्ये "तह > रूढी > तत्त्वं > न्यायनिर्णय" अशी एक शिडी काढून ठेवली होती आणि प्रत्येक प्रश्न त्या शिडीवरच चढवत होतो. दुसऱ्या वेळी नोट्स बाजूला ठेवून मूळ कलम आणि दोन-तीन निकाल वाचले आणि मग कळलं की ऑप्शन नेमके त्या शिडीवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठीच बनवलेले असतात.

काय काय जवळ हवं

फार काही लागत नाही, आणि सगळं फुकट मिळतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या स्टॅच्यूटमधलं कलम ३८ आणि कलम ५९, तहांच्या कायद्यावरच्या व्हिएन्ना कन्व्हेन्शन १९६९ मधली कलमं ५३ आणि ६४, आणि इंटरनॅशनल लॉ कमिशनने २०१८ मध्ये रूढी कशी ओळखायची यावर दिलेले १६ निष्कर्ष (त्यातला १५ वा आणि १६ वा तर पाठच करा, मोजून काही ओळी आहेत). निकाल icj-cij.org वर मिळतात, कमिशनचं काम legal.un.org वर. निकालांपैकी राइट ऑफ पॅसेज १९६०, फिशरीज १९५१ आणि असायलम १९५० एवढे तीन हाताशी ठेवा. पेन्सिल घेऊन वाचा, कारण निकालातलं कुठलं वाक्य मुख्य आणि कुठलं जाताजाता बोललेलं, हे खूण करत गेल्याशिवाय लक्षात राहत नाही.

१. कलम ३८ स्वतः वाचा आणि त्यात काय लिहिलेलं नाही ते बघा

पहिल्या उपकलमात चार गोष्टी येतात. वादातल्या राष्ट्रांनी मान्य केलेले तह, कायदा म्हणून स्वीकारलेल्या सर्वसाधारण वागणुकीचा पुरावा म्हणून रूढी, सुसंस्कृत राष्ट्रांनी मान्य केलेली कायद्याची सर्वसाधारण तत्त्वं, आणि चौथं म्हणजे न्यायनिर्णय आणि विद्वानांचं लेखन, पण हे "नियम ठरवण्याचं दुय्यम साधन" म्हणून आणि कलम ५९ला अधीन राहून. दुसऱ्या उपकलमात, दोन्ही बाजू तयार असतील तर कायदा बाजूला ठेवून न्याय्य वाटेल तसा निकाल देता येतो असं आहे, ते वेगळं प्रकरण.

आता बघा, "दुय्यम" हा शब्द फक्त चौथ्याला लावलाय. पहिल्या तिघांमध्ये कोण वर कोण खाली यावर एक अक्षर नाही. १९२० साली कायदेपंडितांच्या समितीने जो मसुदा केला होता त्यात हे सोर्स "एकामागून एक या क्रमाने" लावावेत असे शब्द होते, पण राष्ट्रसंघात चर्चा होताना ते काढून टाकले. शब्द होते आणि मुद्दाम वगळले, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी "कलम ३८ ने उतरती श्रेणी घालून दिली आहे" हा ऑप्शन तुम्ही न घाबरता खोडू शकता.

२. प्रश्न कुठल्या "रँकिंग"बद्दल विचारतोय ते आधी ठरवा

इथेच बहुतेक जण घसरतात. रँकिंग हा एकच शब्द तीन वेगळ्या अर्थांनी येतो आणि पेपर काढणारा ते मिसळून ठेवतो.

एक म्हणजे नुसता कलमातला क्रम. "कलम ३८ मध्ये दिलेल्या क्रमाने लावा" असं विचारलं तर तह, रूढी, तत्त्वं, न्यायनिर्णय हेच उत्तर, तिथे हुशारी करून "क्रमच नाही" म्हणू नका.

दुसरं म्हणजे कोर्ट आधी कशाकडे बघतं. व्यवहारात न्यायाधीश आधी दोघांमधला तह काढतात, कारण तो लिहिलेला असतो आणि नेमका त्याच दोघांसाठी असतो, मग रूढी, आणि दोन्हीत काही सापडलं नाही तर सर्वसाधारण तत्त्वं, म्हणजे एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा उकरायचा नाही, सद्भावनेने वागायचं, असल्या गोष्टी ज्या जवळजवळ प्रत्येक देशाच्या कायद्यात आहेत. ही तत्त्वं पोकळी भरायला असतात म्हणून शेवटी येतात, ती हलकी आहेत म्हणून नाही.

तिसरं म्हणजे खरी वरचढ. दोन नियम समोरासमोर आले तर जिंकतो कोण? इथे सोर्सचं नाव बघून काहीच कळत नाही. खास नियम सर्वसाधारण नियमाच्या आधी लागतो, नंतरचा आधीच्याला मागे सारू शकतो, आणि ज्यूस कोजेन्स, म्हणजे गुलामगिरी किंवा वंशसंहार यांच्यावरची बंदी असे ज्यापासून कुणालाच फारकत घेता येत नाही ते नियम, सगळ्यांच्या वर. त्याच्या विरोधात केलेला तह व्हिएन्ना कन्व्हेन्शनच्या कलम ५३ प्रमाणे रद्दबातल, आणि असा नियम नंतर तयार झाला तर कलम ६४ प्रमाणे जुना तहसुद्धा संपतो. म्हणजे तहाचा नंबर कलमात पहिला असून तो रद्द होऊ शकतो, शिडी तिथेच मोडते.

तह आला की रूढी त्यात विरघळून जाते असंही समजू नका. निकाराग्वा विरुद्ध अमेरिका, १९८६, मध्ये कोर्टाचा अधिकार मान्य करताना अमेरिकेने घातलेल्या एका अटीमुळे, म्हणजे रिझर्व्हेशनमुळे, कोर्टाला बहुपक्षीय तह लावता येत नव्हते, तरी त्याच विषयावरची रूढी शिल्लक आहे म्हणून कोर्टाने तिच्यावर निकाल दिला. मजकूर सारखा असला तरी दोन्ही वेगवेगळ्या उभ्या राहतात.

३. एक केस पूर्ण सोडवून बघा: दादरा आणि नगर हवेली

मला हा टॉपिक खऱ्या अर्थाने कळला तो राइट ऑफ पॅसेजमुळे, कारण त्यात पोर्तुगालने तिन्ही सोर्स एकदमच पुढे केले होते. आणि आपल्यासाठी ती घरचीच केस आहे.

दमण समुद्रकाठी, दादरा आणि नगर हवेली आत, चारी बाजूंनी भारतीय मुलूख. जुलै १९५४ मध्ये दादरा आणि ऑगस्टच्या सुरुवातीला नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेलं, भारताने दमणहून तिकडे जायची वाट बंद केली, आणि पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये हेगला गेला. म्हणणं असं की आम्हाला या वाटेचा हक्क आहे, मराठ्यांशी झालेल्या १७७९ च्या तहाने आहे, नसेल तर स्थानिक रूढीने आहे, आणि तेही नसेल तर सगळीकडच्या रूढीने आणि कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांनी आहे.

कोर्टाने काय केलं ते पायरी-पायरीने बघा.

आधी तह. भारत म्हणत होता तह वैध नाही, कोर्टाने तो वैध धरला, पण आत दिलंय काय ते तपासलं. पुण्याच्या दरबाराने दिलं होतं ते गावांचं महसुली उत्पन्न, जहागीर किंवा सरंजाम म्हणून, सार्वभौमत्व नाही. मराठ्यांना मुलूख कायमचा द्यायचा असला की ते तसे स्पष्ट शब्द वापरत, ते इथे नाहीत. हेगच्या निकालात इंग्रजी मजकुरात "सरंजाम" हा शब्द वाचला तेव्हा मी पान उलटून परत वाचलं, आपल्या दप्तरातला शब्द तिथे एवढा निर्णायक ठरलाय. तर तह आहे, वैध आहे, कलमात पहिला आहे, आणि तरी त्यातून वाटेचा हक्क निघत नाही. नुसता "तह आहे" म्हणून टिक करणाऱ्याने इथे मार्क घालवले असते.

मग स्थानिक रूढी. भारताचा मुद्दा होता की दोनच राष्ट्रांत रूढी कशी होईल, आणि कोर्ट म्हणालं की दोनपेक्षा जास्तच हवीत असं का, ते समजत नाही. इंग्रजांच्या काळापासून सव्वाशे वर्षं साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल या वाटेने जात होता, त्यावर देखरेख होती पण अडवणूक नव्हती, आणि दोन्ही बाजू त्याला हक्क आणि कर्तव्य मानत होत्या. म्हणून तेवढ्यापुरती रूढी सिद्ध झाली, ११ विरुद्ध ४ मतांनी.

पण सैन्य, हत्यारबंद पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा? तेही जात होते, त्याच वाटेने, पण दर वेळी परवानगी मागून. जो परवानगी मागतो तो हक्क सांगत नाही, म्हणजे वागणूक होती पण ती कायद्याने बांधील आहे ही भावना, ओपिनिओ ज्युरिस, नव्हती. इथे पोर्तुगाल हरला, ८ विरुद्ध ७. आणि शेवटी, त्या वेळच्या तणावात वाट थांबवणं हे भारताच्या नियंत्रणाच्या अधिकारात बसतं, असं ९ विरुद्ध ६ ने ठरलं.

आता राहिली सर्वसाधारण रूढी आणि सर्वसाधारण तत्त्वं. कोर्टाने त्यात शिरायचंच नाकारलं. दोघांमध्ये वहिवाट स्पष्ट ठरलेली आहे तर तिलाच निर्णायक मानायचं, आणि अशी खास वहिवाट सर्वसाधारण नियमांच्या आधी लागते. हे वाक्य म्हणजे रँकिंगवरच्या अर्ध्या ऑप्शनांचं उत्तर आहे. खास ते सर्वसाधारणाच्या आधी, नाव तह असो नाहीतर रूढी.

४. पर्सिस्टंट ऑब्जेक्टर: चार प्रश्न विचारा, क्रमाने

रूढी तयार झाली की ती सगळ्यांना लागते, गप्प बसलेल्यांनासुद्धा. अपवाद एकच, जे राष्ट्र ती तयार होत असतानाच सातत्याने हरकत घेत राहिलं त्याला ती लागत नाही. ऑप्शन समोर आला की हे विचारा.

हरकत कधी घेतली? नियम घडत असताना हवी. तयार झाल्यावर घेतलेली हरकत म्हणजे उशिरा आलेला पाहुणा, त्याला नियम लागलेलाच असतो.

स्पष्ट होती का आणि दुसऱ्यांना कळवली होती का? आपल्याच मंत्रालयाच्या फायलीत नोंद करून ठेवली तर ती चालत नाही.

टिकवली का? मधेच स्वतः तो नियम पाळला, आपल्या कायद्यात घातला, तर सातत्य तुटलं. पण हरकत दर महिन्याला घ्यावी लागत नाही, जेव्हा प्रसंग आला तेव्हा गप्प बसायचं नाही एवढंच.

आणि नियम ज्यूस कोजेन्स तर नाही? असेल तर कितीही जुनी, कितीही ठाम हरकत असो, उपयोग शून्य.

नॉर्वेची केस, म्हणजे फिशरीज, यासाठी पाठ होते, पण ती अर्धवटच पाठ होते. ब्रिटिश ट्रॉलर नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ मासे धरत होते, नॉर्वेने १९३५ च्या फर्मानाने किनाऱ्यावरच्या बेटांच्या आणि खडकांच्या बाहेरच्या टोकांना जोडून सरळ रेषा काढल्या आणि तिथून चार मैल आपले म्हटले. ब्रिटन म्हणालं, खाडीच्या तोंडावर रेषा दहा मैलांपेक्षा लांब असता कामा नये. कोर्टाने १९५१ मध्ये आधी हे सांगितलं की दहा मैलांचा नियम सर्वसाधारण रूढी झालेलाच नाही. आणि मग, काहीही असलं तरी, नॉर्वेने तो आपल्या किनाऱ्याला लावण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला विरोध केलाय म्हणून तो नॉर्वेला लागणार नाही. म्हणजे पर्सिस्टंट ऑब्जेक्टरचा मुद्दा दुसऱ्या नंबरवर, जोडीला आलेला. "कोर्टाने दहा मैलांचा नियम रूढी मानला पण नॉर्वेला सूट दिली" हा ऑप्शन म्हणून चूक, आणि तो दिसायला इतका बरोबर दिसतो की मीही एकदा त्यालाच टिक केलं होतं.

याच केसमध्ये उलटी बाजूही आहे. नॉर्वेची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून उघड चालली होती आणि ब्रिटन साठहून जास्त वर्षं गप्प होतं, ती शांतता कोर्टाने ब्रिटनच्या विरोधात धरली.

असायलम केस जरा वेगळी. पेरूशी झालेल्या वादात कोलंबिया म्हणत होतं लॅटिन अमेरिकेत राजनैतिक आश्रयाची प्रादेशिक रूढी आहे आणि गुन्हा राजकीय आहे की नाही ते आश्रय देणारा एकटा ठरवू शकतो. कोर्ट म्हणालं अशी रूढी सिद्ध झाली नाही, आणि समजा काहींमध्ये असली तरी पेरूने मॉन्टेव्हिडिओचे करार मंजूर न करून ती नाकारलीच आहे. इथे बारीक फरक आहे, प्रादेशिक किंवा स्थानिक रूढीत ती समोरच्याने स्वीकारली होती हे सांगणाऱ्याने सिद्ध करायचं असतं, तर सर्वसाधारण रूढीत मी सुरुवातीपासून हरकत घेतली हे सुटू बघणाऱ्याने. सिद्ध करायचा भार कुणावर, हा प्रश्न आला की आधी रूढी कुठली ते बघा.

५. आता दोन नमुना प्रश्न (मीच बनवलेत)

पहिला. कलम ३८ बाबत कोणतं विधान बरोबर?
अ) त्याने तह, रूढी, तत्त्वं अशी उतरती श्रेणी ठरवली आहे.
ब) न्यायनिर्णय सर्वसाधारण तत्त्वांच्या बरोबरीचे आहेत.
क) त्यात तिघांची श्रेणी नाही, पण दोन राष्ट्रांमधली सिद्ध स्थानिक रूढी सर्वसाधारण नियमाच्या आधी लागू शकते.
ड) तह कुठल्याही परिस्थितीत रूढीपेक्षा वरचढ असतो.

"अ" १९२० च्या वगळलेल्या शब्दांमुळे गेला. "ब" मध्ये "दुय्यम साधन" विसरलंय. "ड" मध्ये "कुठल्याही परिस्थितीत" दिसलं की ज्यूस कोजेन्स आठवा, रूढीने आलेला तसला नियम तहाला रद्द करतो. राहिला "क", आणि तो सरळ दादरा-नगर हवेलीतून आलाय.

दुसरा. एक रूढी १९९० ते २०१० मध्ये घडली. राष्ट्र प ने १९९२, २००० आणि २००७ मध्ये लेखी निषेध पाठवले आणि आपलं वागणंही तसंच ठेवलं. राष्ट्र फ २०१३ मध्ये पहिल्यांदा बोललं. राष्ट्र ब ने १९९५ मध्ये निषेध केला पण २००४ मध्ये तोच नियम आपल्या कायद्यात घातला. राष्ट्र भ छळबंदीच्या नियमाला पहिल्यापासून विरोध करतंय. कोणाला पर्सिस्टंट ऑब्जेक्टर म्हणता येईल?

फ वेळेवर अडकलं, ब सातत्यावर, भ ज्यूस कोजेन्सवर, कारण छळबंदी त्यातली मानली जाते. उरलं प. आता ऑप्शनमध्ये "प आणि ब" अशी जोडी दिलेली असते, आणि १९९५ ची तारीख मुदतीत बसते म्हणून आपण ब ला आत घेतो, म्हणून तारखा बघितल्यावर पुढची ओळही वाचा.

६. अजून काही खड्डे

कलम ५९ म्हणजे निकाल फक्त त्या बाजूंना आणि त्या प्रकरणापुरता बांधतो, आपल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालासारखा तो पुढच्यांना बांधील नसतो. भारतातल्या कायद्याच्या सवयीने आपण पटकन "बंधनकारक पूर्वनिर्णय"ला टिक करतो.

नॉर्थ सी काँटिनेंटल शेल्फ, १९६९, मधली जर्मनी ही पर्सिस्टंट ऑब्जेक्टर नाही. काँटिनेंटल शेल्फवरच्या १९५८ च्या कन्व्हेन्शनवर तिने सही केली होती, मंजुरी दिली नव्हती, आणि समुद्रतळाची हद्द समान अंतरावर आखायची हा त्यातला नियम रूढी झालाच नाही असं कोर्टाने म्हटलं. जो नियम तयारच झाला नाही त्याला अपवाद कसला. केसचं नाव दिलं आणि खाली "पर्सिस्टंट ऑब्जेक्टर" ऑप्शन दिला की क्लासच्या नोट्समधलं काहीतरी आठवून हात तिकडे जातो.

असर्शन-रीझनच्या प्रश्नांत दोन्ही विधानं वेगवेगळी बरोबर असतात, पण दुसरं पहिल्याचं कारण नसतं. "नॉर्वे जिंकला" बरोबर, "नॉर्वेने सतत विरोध केला" हेही बरोबर, पण कोर्टाने आधी धरलेलं कारण दुसरंच होतं, म्हणून विधान कसं लिहिलंय ते शब्दन्‌शब्द वाचा. नेटला निगेटिव्ह मार्किंग नाही, प्रश्न सोडू नका, पण असर्शन-रीझन शेवटी ठेवा, त्याला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ जातो.